उणे एकभोवती किती वेढे?

उष्णता बाहेर टाकणारी एक रासायनिक क्रिया रिअ‍ॅक्टरमध्ये चालू आहे असं समजा. तापमान जरा वाढलं की क्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता तयार होते, आणि त्या उष्णतेनं तापमान पुन्हा चढतं. असा रिअ‍ॅक्टर मोकळा सोडला तर आपणहून सावरत नाही. म्हणून त्याच्याभोवतीच्या जॅकेटमधून थंड पाणी फिरवतात, आणि तापमान बघून पाण्याचा व्हॉल्व्ह कमीजास्त करायला कंट्रोलर बसवतात.

कंट्रोलरनं किती जोर लावायचा, हा खरा प्रश्न. जोर कमी पडला तर तापमान हातातून निसटणार, हे उघड आहे. पण जोर फार झाला तरीही बिघडतं. थर्मामीटरला बदल कळायला वेळ लागतो, व्हॉल्व्ह आणि जॅकेटला त्यावर कृती करायला वेळ लागतो. या उशिरामुळे थंडावा पोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असते, मग पाणी गरजेपेक्षा जास्त पडतं, नंतर गरजेपेक्षा कमी, आणि तापमान वरखाली झोके घ्यायला लागतं. म्हणजे जोराला खालची हद्द आहे आणि वरचीही. या दोन्ही हद्दी एकाच चित्रात दिसतात, आणि ते चित्र काढायला लूप बंद करून बघावा लागत नाही. या चित्राला नायक्विस्ट आलेख म्हणतात. तो वाचायची रीत एका उदाहरणावरून नीट समजून घेऊ.

वेळ मिनिटांत मोजू. व्हॉल्व्ह आहे तिथेच ठेवला, तर तापमानातला लहानसा फरक दर मिनिटाला सुमारे 2.7 पट होतो असं धरू. थर्मामीटरचा टाइम कॉन्स्टंट 6 सेकंद, म्हणजे 0.1 मिनिट. तापमान एकदम बदललं तर त्या बदलाचा साधारण 63 टक्के भाग दाखवायला त्याला एवढा वेळ लागतो. व्हॉल्व्ह आणि जॅकेट मिळून आणखी तेवढाच उशीर. हे सगळं एकत्र मांडलं की ओपन लूप असा दिसतो:

```
L(s) = K / ( (s - 1) (0.1 s + 1)^2 )
```

यातला K म्हणजे कंट्रोलरचा जोर, गेन. त्याचा अर्थ अगदी हाताला लागण्यासारखा आहे. तापमान एका अंशानं वाढल्यावर क्रिया जेवढी जादा उष्णता निर्माण करते, त्याच्या K पट थंडावा कंट्रोलर शेवटी पोचवतो. K = 1 असेल तर जादा उष्णता आणि जादा थंडावा बरोबर तुल्यबळ.

छेदातला (s − 1) हा तुकडा सगळ्या कथेचा नायक आहे. s = 1 ला छेद शून्य होतो, म्हणजे तिथे पोल आहे. पोलचा वास्तव भाग धन असेल तर त्याच्याशी जोडलेली हालचाल वेळेबरोबर फुगत जाते, ऋण असेल तर विरत जाते. s च्या प्रतलावर उभ्या अक्षाच्या उजवीकडे पोल असणं म्हणजे अस्थिरता, डावीकडे असणं म्हणजे स्थिरता. आपल्या ओपन लूपमध्ये एक पोल उजवीकडे आहे आणि दोन डावीकडे, −10 वर. उजवीकडच्या ओपन लूप पोलांच्या संख्येला P म्हणतात. इथे P = 1.

लूप बंद केल्यावर पोल जागा बदलतात. नव्या जागा `1 + L(s) = 0` या समीकरणातून मिळतात. त्यातले किती उजवीकडे पडले ती संख्या Z. आपल्याला Z शून्य हवा आहे. `1 + L = 0` म्हणजेच `L = −1`, आणि उणे एक हा बिंदू क्रांतिक ठरतो तो इथूनच. लूपमध्ये एक फेरी मारून संकेत परत आला आणि तो मूळ संकेताएवढाच पण उलट्या चिन्हाचा असला, तर तुलना करणाऱ्या जागी वजाबाकीमुळे ते चिन्ह पुन्हा पालटतं आणि संकेत स्वतःलाच जिवंत ठेवतो. बाहेरून काहीही न देता झोका चालूच राहतो. नायक्विस्टच्या 1932 च्या मूळ लेखात ही वजाबाकी वेगळी काढलेली नव्हती, त्यामुळे तिथे क्रांतिक बिंदू अधिक एक होता. जुनं लिखाण वाचताना एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

आता फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. लूप एका ठिकाणी तोडायचा, तोडलेल्या जागी ω कोनीय वारंवारतेची साइन लहर घालायची, आणि दुसऱ्या टोकाला ती किती पट होऊन आणि किती अंश मागे पडून येते ते बघायचं. ही पट आणि हा कोन मिळून प्रतलावर एक बिंदू ठरतो, `L(jω)`. ω शून्यापासून अनंतापर्यंत वाढवत नेला की हा बिंदू एक वक्र काढतो. ऋण ω चा वक्र म्हणजे याचंच वास्तव अक्षातलं प्रतिबिंब. दोन्ही जोडले की बंद वळसा तयार होतो. या वळशानं −1 ला किती वेढे घातले आणि कोणत्या दिशेनं, एवढंच मोजायचं आहे.

पण वेढ्यांचा आणि पोलांच्या संख्येचा संबंध काय? अनेक जण नियम पाठ करून पुढे जातात, आणि मग गणितात P शून्य नसला की अडतात. कारण समजायला फार वेळ लागत नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

मैदानात एक खांब आहे आणि तुम्ही एका मोठ्या बंद वाटेवरून चालताय, नजर सतत खांबावर ठेवून. खांब वाटेच्या आत असेल तर फेरी पूर्ण होईपर्यंत तुमची नजर पूर्ण एक गिरकी घेते. खांब बाहेर असेल तर नजर थोडी इकडे जाते, थोडी तिकडे जाते, पण शेवटी हिशेब शून्य. आत की बाहेर हे कळायला खांबाजवळ जावं लागत नाही. नुसत्या नजरेच्या गिरक्या मोजून ते ठरतं.

s च्या प्रतलावर वाट अशी आखतात: उभ्या अक्षावरून खालून वर जायचं, आणि मग उजवीकडून अतिप्रचंड अर्धवर्तुळ घेऊन परत खाली यायचं. या वाटेच्या आत सगळं उजवं अर्धप्रतल येतं, आणि वाटेची दिशा घड्याळाच्या काट्यांची असते. आता `1 + L(s)` हा अपूर्णांक बघा. त्याच्या अंशाची शून्यस्थानं म्हणजे बंद लूपचे पोल. त्याच्या छेदाची शून्यस्थानं म्हणजे ओपन लूपचे पोल. अंशातला प्रत्येक घटक (s − a) म्हणजे a या खांबापासून चालणाऱ्यापर्यंत काढलेला बाण. खांब आत असेल तर हा बाण काट्यांच्या दिशेनं एक गिरकी घेतो, बाहेर असेल तर काहीच नाही. गुणाकारात कोन मिळवले जातात, भागाकारात वजा होतात. म्हणून `1 + L` या बाणाच्या काट्यांच्या दिशेनं झालेल्या एकूण गिरक्या, N, बरोबर Z − P एवढ्या भरतात:

```
N = Z − P     म्हणजेच     Z = N + P
```

आणि `1 + L` हा बाण काढायला वेगळं चित्र लागत नाही. −1 पासून `L` पर्यंत काढलेला बाण म्हणजेच `1 + L`. म्हणून −1 वर उभं राहून `L` च्या वक्राकडे बघत राहायचं आणि गिरक्या मोजायच्या. वाटेचं अर्धवर्तुळ राहिलं, पण तिथे s इतका मोठा असतो की `L` शून्यावर येऊन बसतो आणि बाण हलतच नाही. उरतो तो उभा अक्ष, म्हणजेच फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. उजव्या अर्धप्रतलात काय लपलंय हे त्या प्रतलात पाऊल न टाकता, फक्त त्याच्या काठावरून चालून कळतं. मला या विषयातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं, इतक्या वर्षांनंतरही.

नियमातली एक गोष्ट नीट पाहा. P = 0 असेल तर स्थिरतेसाठी N शून्य हवा, म्हणजे −1 ला वेढा पडायला नको. वर्गात बहुतेक उदाहरणं अशीच असतात, त्यामुळे ‘वेढा म्हणजे वाईट’ असं डोक्यात पक्कं बसतं. आपल्या रिअ‍ॅक्टरमध्ये P = 1 आहे. Z शून्य व्हायचा तर N उणे एक हवा, म्हणजे काट्यांच्या उलट दिशेनं बरोबर एक वेढा पडलाच पाहिजे. इथे वेढा नसणं हाच बिघाड.

K = 5 घेऊन वक्र काढू. छेद उलगडून `s = jω` घातलं की वास्तव भाग `−(1 + 0.19ω²)` आणि काल्पनिक भाग `ω(0.8 − 0.01ω²)` मिळतो. आता बिंदू मांडत जाऊ. ω = 0 ला वक्र −5 वर असतो, −1 च्या बराच डावीकडे. ω = 1 ला तो −2.92 − 1.94j वर येतो, म्हणजे वास्तव अक्षाच्या खाली उतरलेला. ω = 3 ला −1.14 − 0.90j, जवळजवळ −1 च्या थेट खाली. ω = 5 ला −0.71 − 0.34j, म्हणजे −1 ओलांडून उजवीकडे आणि वर चढत. ω = 8.94 ला काल्पनिक भाग शून्य होतो आणि वक्र −0.31 वर वास्तव अक्ष छेदतो. त्यानंतर अक्षाच्या वर लहानसा फुगवटा करून तो शून्यात विलीन होतो.

आता −1 वर उभे राहा. सुरुवातीला बाण डावीकडे बघतोय. मग तो खाली वळतो, मग उजवीकडे. डावीकडून खाली, खालून उजवीकडे, ही काट्यांच्या उलट दिशेची अर्धी गिरकी. प्रतिबिंबाची अर्धी गिरकी त्याच दिशेची. मिळून उलट दिशेनं एक पूर्ण वेढा. N = −1, P = 1, Z = 0. लूप स्थिर.

K बदलला की वक्राचा आकार बदलत नाही, तो फक्त शून्याभोवती ताणला किंवा आक्रसला जातो. त्यामुळे सगळा निकाल वास्तव अक्षावरच्या दोन छेदांवर येतो: एक −K वर, दुसरा −K/16.2 वर. स्थिरतेसाठी −1 हा या दोघांच्या मध्ये हवा. म्हणजे K एकापेक्षा जास्त आणि 16.2 पेक्षा कमी.

K = 0.5 घेतला तर वक्र −0.5 वरून सुरू होतो आणि −1 पर्यंत पोचतच नाही. वेढा शून्य, Z = 1. चित्र बघायला इतकं शांत, इतकं सुरक्षित दिसतं की नवखा माणूस ‘−1 पासून लांब आहे, छान’ म्हणेल. प्रत्यक्षात रिअ‍ॅक्टर पळत सुटलेला असतो. एका अंशाच्या जादा उष्णतेला अर्धाच थंडावा मिळत असेल तर दुसरं काय होणार?

K = 20 घेतला तर वक्र −20 वरून निघतो, खालून वळसा घेतो, पण −1.23 वरच अक्ष छेदून वर जातो. −1 आता अक्षाच्या वरच्या त्या लहान फुगवट्यात सापडतो. −1 वरून बघितलं तर बाण डावीकडून थोडा खाली जाऊन परत डावीकडेच येतो, आणि मग वरून फिरून उजवीकडे जातो. म्हणजे काट्यांच्या दिशेनं अर्धी गिरकी, प्रतिबिंबासह पूर्ण एक. N = +1, म्हणून Z = 2. एक नव्हे, दोन पोल उजवीकडे.

हा एक आणि दोन यांतला फरक पाहण्यासारखा आहे, कारण बिघाडाचा चेहरा त्यातून ओळखता येतो. एकटा पोल उजवीकडे असेल तर तो वास्तव अक्षावरच असणार, म्हणून तापमान झोका न घेता एकाच दिशेनं चढत किंवा उतरत जातं. दोन पोल एकदम उजवीकडे गेले, तेही ω = 8.94 च्या छेदावरून, तर ती संयुग्मी जोडी असते आणि तापमान झोके घेतं. त्या हद्दीवर झोक्याचा काळ 2π/8.94, म्हणजे 0.70 मिनिट, साधारण 42 सेकंद. म्हणून आलेख−कागदावर तापमानाची रेघ सरळ निसटताना दिसली तर गेन कमी पडतोय, आणि पाऊण मिनिटाच्या आसपास लाटा येऊन त्या मोठ्या होत असतील तर गेन जास्त झालाय. उपाय परस्परविरुद्ध आहेत, त्यामुळे हा चेहरा ओळखणं फार गरजेचं. वाढत्या लाटा बघून गेन कमी करायची सवय लागलेली असते. तोच हात सरळ निसटणाऱ्या रेघेवर चालवला तर रिअ‍ॅक्टर आणखी वेगानं पळेल.

वेढे डोळ्यांनी मोजताना चूक होते असं वाटलं तर बाणाचा कोन संगणकाला जोडत जायला सांगावा. एवढ्या चार ओळी पुरतात:

```python
import numpy as np
w = np.logspace(-3, 4, 200000)
s = 1j * w
for K in (0.5, 5, 20):
    L = K / ((s - 1) * (0.1*s + 1)**2)
    kon = np.unwrap(np.angle(1 + L))
    N = round(-(kon[-1] - kon[0]) / np.pi)
    print(K, N, N + 1)
```

शेवटच्या स्तंभात Z येतो: 1, 0 आणि 2. `+ 1` हा P आहे, आणि तो मी हातानं घातलाय. संगणकाला तो वक्रावरून कळत नाही. याकडे पुन्हा येऊ.

आता ‘फेज −180 अंश असताना गेन एकापेक्षा कमी हवा’ या सर्वत्र चालणाऱ्या नियमाचं काय? तो इथे सरळ चुकतो. ω = 0 ला आपली फेज −180 अंश आहे आणि गेन 5. नियमाप्रमाणे लूप अस्थिर ठरायला हवा, पण तो स्थिर आहे. नियम मुळात P शून्य असलेल्या आणि अक्ष एकदाच छेदणाऱ्या साध्या वक्रांसाठीचा आहे. वेढ्यांची मोजणी केली की अशा अपवादांची यादी पाठ करावी लागत नाही. फीडबॅक अ‍ॅम्प्लिफायरच्या काळात याच गोष्टीनं लोकांना कोड्यात टाकलं होतं. हॅरोल्ड ब्लॅकला ऋण फीडबॅकच्या अ‍ॅम्प्लिफायरची कल्पना 1927 मध्ये सुचली. टेलिफोनच्या लांब लाइनींसाठी हे अ‍ॅम्प्लिफायर करताना, गेन एकापेक्षा जास्त आणि फेज नको तिथे असूनही काही लूप स्थिर कसे राहतात, हे समजत नव्हतं. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या हॅरी नायक्विस्टनं 1932 च्या लेखात त्याचं उत्तर दिलं: एकेक छेद तपासू नका, पूर्ण वळसा बघा.

स्थिर आहे एवढ्यावर कामं चालत नाहीत. किती स्थिर, हेही वक्रच सांगतो. K = 5 ला वरच्या बाजूनं गेन 3.24 पट वाढवता येतो आणि खालच्या बाजूनं पाचव्या भागापर्यंत उतरवता येतो. म्हणजे गेन मार्जिन इथे दोन आहेत, आणि जी सॉफ्टवेअर एकच आकडा छापतात ती अर्धीच गोष्ट सांगतात. वक्र एकक वर्तुळ ω = 4.15 च्या सुमारास छेदतो आणि तिथे फेज मार्जिन सुमारे 31 अंश आहे. हा आकडा वेळेत बदलून बघितला तर जास्त बोलका होतो. 31 अंश म्हणजे 0.55 रेडियन, भागिले 4.15, म्हणजे 0.13 मिनिट, अंदाजे 8 सेकंद. पाइप लांब आहे म्हणून थंड पाणी पोचायला 8 सेकंद जादा लागले की लूप कोसळतो. शुद्ध उशीर गेन बदलत नाही, तो वक्राचा प्रत्येक बिंदू शून्याभोवती काट्यांच्या दिशेनं फिरवतो, आणि वारंवारता जितकी जास्त तितका जास्त. त्यामुळे −1 च्या उजवीकडून जाणारा वक्राचा भाग सरकत सरकत −1 वर येऊन आदळतो.

मला स्वतःला या दोन मार्जिनांपेक्षा तिसरा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो: वक्र −1 च्या जास्तीत जास्त किती जवळ येतो. इथे ते अंतर ω = 5.3 च्या आसपास 0.44 आहे. गेन आणि फेज दोन्ही एकाच वेळी थोडे थोडे बिघडले तर काय होईल, हे हे अंतर सांगतं. वेगवेगळी मार्जिन ते सांगत नाहीत. शिवाय त्याचा व्यस्त, सुमारे 2.3, हा त्या वारंवारतेला बाहेरचा धक्का कंट्रोलरमुळे किती पट मोठा होतो तो आकडा. हो, मोठाच. फीडबॅक काही वारंवारतांना त्रास कमी करतो आणि काहींना वाढवतो. 

आता P कडे परत. वेढ्यांची सगळी मोजणी अचूक असली आणि P चुकला, तर निकाल चुकतो. K = 0.5 च्या वक्रावर कुठेही ‘इथे एक अस्थिर पोल आहे’ असं लिहिलेलं नसतं. P आपल्याला यंत्राच्या समजेतून आणावा लागतो: मोकळं सोडलं तर हे सावरतं की पळतं? आणि आपल्या रिअ‍ॅक्टरसारखं पळणारं असेल तर लूप तोडून साइन लहर घालून मोजताही येत नाही, कारण मोजणी संपेपर्यंत तापमान जागेवर राहत नाही. अशा वेळी एखाद्या चालणाऱ्या गेनवर लूप बंद ठेवायचा, बाहेरून लहानशी लहर मिसळायची, आणि तुलनेच्या जागेच्या दोन्ही बाजूंचे संकेत मोजून त्यांच्या गुणोत्तरातून `L(jω)` काढायचा. अशा मोजणीची एक चांगली गोष्ट म्हणजे ज्या गेनवर लूप स्थिर चालला, तिथे Z = 0 हे माहीतच असतं. तिथले वेढे मोजले की P उलटा काढता येतो, आणि मग तो बाकीच्या सगळ्या गेनसाठी वापरता येतो.

P लपवायची एक वाट विशेष फसवी आहे. कुणीतरी सुचवतं की (s − 1) नकोसा आहे, तर कंट्रोलरमध्ये (s − 1)/(s + 1) घालून तो खोडून टाकू. कागदावर `L` मध्ये (s + 1) उरतो, P = 0 होतो, वक्र देखणा, −1 ला वेढा नाही. पण रिअ‍ॅक्टरची उष्णता निर्माण करण्याची सवय कुठे गेली नाही. तापमानातला पळणारा भाग कंट्रोलरला आता दिसतच नाही एवढंच झालं, आणि जरासा धक्का बसला की तो e च्या घातानं वाढू लागतो. खोडाखोड तंतोतंत जमली नाही तर आणखी वाईट: P खरं म्हणजे एकच राहतो, आणि हवा असलेला उलटा वेढा गायब झालेला असतो. म्हणून P मोजताना खोडाखोडीच्या आधीचे पोल मोजायचे, नंतरचे नाही.

उभ्या अक्षावरच पोल असेल, उदाहरणार्थ कंट्रोलरमध्ये इंटिग्रेटर घातला म्हणून s = 0 ला, तर वाट त्या पोलाला अगदी लहान अर्धवर्तुळानं उजवीकडून टाळून जाते. तेवढ्या लहान वळणावर `L` मात्र अनंताएवढं मोठं अर्धवर्तुळ काट्यांच्या दिशेनं काढतो. पुष्कळ सॉफ्टवेअर ते पडद्यावर दाखवत नाहीत आणि वक्र दोन टोकांना उघडा राहिल्यासारखा दिसतो. ती दोन टोकं हातानं जोडल्याशिवाय वेढे मोजू नयेत.

शेवटी व्हॉल्व्ह. हे सगळं गणित रेषीय आहे, म्हणजे कंट्रोलर मागेल तेवढा थंडावा मिळतो असं धरून चाललंय. खऱ्या व्हॉल्व्हला पूर्ण उघडल्यावर पुढे जाता येत नाही. समजा पूर्ण उघडा व्हॉल्व्ह जास्तीत जास्त 4 अंशांच्या फरकाची जादा उष्णता ओढू शकतो. K = 5 असताना तापमान 0.8 अंशानं वाढलं की व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडलेला असतो. तापमान 5 अंशांनी वर गेलं तर कंट्रोलर 25 मागतो आणि त्याला 4 मिळतात. म्हणजे गेन प्रत्यक्षात 5 राहत नाही, 0.8 होतो. वक्र आक्रसून −0.8 वरून सुरू होतो, −1 त्याच्या बाहेर पडतो, उलटा वेढा सुटतो, आणि Z पुन्हा 1. P शून्य असलेल्या साध्या लूपमध्ये व्हॉल्व्ह अडकला की गेन घटतो आणि लूप उलट सुरक्षित बाजूला जातो. ज्या लूपला वेढ्याची गरज आहे, तिथे मात्र मोठ्या धक्क्यात तोच वेढा हरवतो. 4 अंशांच्या पलीकडे गेल्यावर, खरं तर उशिरामुळे त्याच्या थोडं अलीकडेच, K कितीही ठेवला तरी तापमान परत येत नाही. त्यामुळे अशा रिअ‍ॅक्टरवर क्रिया थांबवणारी वेगळी व्यवस्था लागते, आणि ती कितव्या अंशावर सुटायला हवी हे व्हॉल्व्हच्या क्षमतेवरून ठरवावं लागतं, आलेखावरच्या मार्जिनांवरून नव्हे.